तान्ह्या बाळाची औषधपेटी

तान्ह्या बाळासाठी घरात ठेवायच्या पेटीत खरी औषधे दोनच लागतात: पॅरासिटामॉल आणि ओआरएस. उरलेली जागा मोजण्याच्या, धुण्याच्या आणि झाकण्याच्या साधनांची असते. आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी जाते तेव्हा तिच्या पिशवीतही डिजिटल थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ आणि बाळाला गुंडाळायचे दुपटे हेच प्रामुख्याने असते. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने उभी केली आणि पुढे ती देशभर गेली. बाळाला बोलता येत नाही. त्याचे दुखणे आधी अंगाच्या तापमानातून, श्वासाच्या वेगातून आणि दूध ओढण्याच्या जोरातून कळते. म्हणून पेटीची सुरुवात मोजमापापासून करायची.

बहुतेक घरांतली पेटी याच्या नेमकी उलट असते. फ्रिजच्या दारात मोठ्या भावंडाचे अर्धे उरलेले अँटिबायोटिक, गेल्या हिवाळ्यातले खोकल्याचे औषध, कुणीतरी आणून दिलेले ग्राइप वॉटर आणि थेंबांच्या तीन-चार बाटल्या असतात. थर्मामीटर मात्र सापडत नाही.

थर्मामीटर डिजिटल हवा. पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर फुटतो आणि सांडलेला पारा घरात राहणे धोक्याचे असते, त्यामुळे तो तान्ह्या बाळाच्या घरात नकोच. ताप काखेत मोजावा. काख कोरडी करून थर्मामीटरचे टोक काखेच्या खोलगट भागात टेकवायचे, हात अंगाशी धरून ठेवायचा आणि ‘बीप’ वाजेपर्यंत सोडायचा नाही. बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळलेले असेल तर ते सैल करून थोडा वेळ जाऊ द्यावा, नाहीतर कापडाची ऊबच ताप म्हणून मोजली जाते. काखेत ९७.७ ते ९९.५ अंश फॅरनहाइट म्हणजे ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस हे नेहमीचे तापमान. कपाळाला हात लावून केलेला अंदाज फसवा असतो, कारण मोजणाऱ्याचा हात गार असेल तर प्रत्येक कपाळ गरम लागते.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत तापाचा अर्थच वेगळा असतो. या वयात अंगात पसरलेला जंतुसंसर्ग काही तासांत गंभीर होतो आणि पहिल्या काही तासांत त्याची खूण फक्त ताप एवढीच असू शकते. काही बाळांत तर तीही उलटी दिसते, म्हणजे अंग गार पडते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट (३८ सेल्सियस) किंवा जास्त ताप आला, अथवा ऊब देऊनही अंग गारच राहिले, तर पेटी उघडायची नाही, डॉक्टरकडे जायचे. तिथे पॅरासिटामॉल देऊन वाट पाहणे म्हणजे डॉक्टरला जी खूण दिसायला हवी तीच पुसून टाकणे. लसीकरणानंतरचा ताप हा या नियमाला ओळखीचा अपवाद आहे. त्यासाठी लस टोचून घेतानाच परिचारिकेला किंवा डॉक्टरला बाळाच्या वजनाप्रमाणे मात्रा विचारून ती लिहून घ्यावी.

पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नव्हे, वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त चार मात्रा, असा साधारण नियम आहे. हे गणित सोपे आहे. घोळ होतो तो बाटलीत. औषधाच्या दुकानात हेच औषध किमान तीन ताकदींत मिळते. लहान बाटलीतल्या थेंबांत, म्हणजे ‘ड्रॉप्स’मध्ये, दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम, आणि मोठ्या मुलांच्या कडक सिरपमध्ये पाच मिलिलिटरला २५० मिलिग्रॅम असते. खोक्यांवर बहुधा एकाच कंपनीचे एकच नाव असते आणि ताकदीचा आकडा त्याखाली बारीक अक्षरांत छापलेला असतो.

आठ किलोच्या बाळाचे उदाहरण घेऊ. किलोला १५ मिलिग्रॅम धरले तर त्याची मात्रा १२० मिलिग्रॅम. साध्या सिरपने ती ५ मिलिलिटर होते, कडक सिरपने २.४ आणि थेंबांनी अवघी १.२ मिलिलिटर. आता आजीने गेल्या वेळी ‘पाच एमएल’ दिल्याचे लक्षात ठेवले आणि या वेळी घरात थेंबांची बाटली असली, तर पाच मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम जाते, म्हणजे हव्या त्याच्या चौपटीहून जास्त. अशी मात्रा दिवसातून तीन-चारदा गेली तर यकृताला इजा होते, आणि ती पहिल्या दिवशी दिसतही नाही; बाळाला थोड्या उलट्या होतात, त्या तापाच्याच वाटतात. उलट चूकही होते. थेंबांचा १.२ हा आकडा साध्या सिरपला लावला तर औषध जेमतेम पाव पडते, ताप उतरत नाही आणि ‘या औषधाचा गुण येत नाही’ म्हणून दुसरे औषध सुरू होते.

यावर उपाय एकच: घरात बाळासाठी पॅरासिटामॉलची एकच ताकद ठेवायची. पहिल्या वर्षात थेंब सोयीचे, कारण द्यायचे प्रमाण कमी असते. पेटीच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर बाळाचे वजन, ते घेतल्याची तारीख, बाटलीवरची ताकद आणि डॉक्टरकडून तपासून घेतलेली मात्रा मिलिलिटरमध्ये, एवढेच असावे. मात्रा दिल्यावर वेळही लिहावी. दोन जण आळीपाळीने जागत असतात तेव्हा दुहेरी मात्रा अशाच जातात.

मोजायला तोंडाने औषध द्यायची सुई नसलेली सिरिंज हवी. ती औषधाच्या दुकानात मिळते. स्वयंपाकघरातला चमचा तीन मिलिलिटरचाही असतो आणि सातचाही. बाटलीसोबत आलेला ड्रॉपर त्याच बाटलीसाठी वापरावा. एका औषधाच्या ड्रॉपरवरच्या रेषा दुसऱ्या औषधाला लागू पडतीलच असे नाही. सिरिंजचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडे थोडे सोडावे. रडत्या बाळाचे नाक दाबून घशात औषध ओतले की ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते.

तापाची दुसरी औषधे पेटीत नकोत. आयबुप्रोफेन सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय देऊ नये, आणि जुलाबाने अंगातले पाणी कमी झाले असेल किंवा डेंग्यूची शंका असेल तर मोठ्या बाळालाही देऊ नये. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत महाराष्ट्रात ही शंका नेहमीच धरावी लागते. निमेसुलाइडवर बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून भारतात बंदी आहे. अ‍ॅस्पिरिन मुलांना देत नाहीत, कारण विषाणूच्या आजारात त्याने यकृत आणि मेंदू दोन्ही बिघडण्याचा दुर्मीळ पण जीवघेणा प्रकार होतो.

सर्दी-खोकल्याच्या सिरपला तर पेटीत जागाच नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या एका सिरपमुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष मोठ्या प्रमाणात सापडले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत अशी सूचना काढली. मात्र विषाची भेसळ नसली तरी ही औषधे या वयात निरुपयोगीच असतात. त्यांतल्या सर्दी सुकवणाऱ्या आणि गुंगी आणणाऱ्या घटकांनी खोकला बरा होत नाही, हृदयाची गती आणि श्वास मात्र बिघडू शकतो.

सर्दीचे बाळ रात्री रडते ते नाक चोंदल्यामुळे. तान्हे बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते आणि दूध पिताना तर तोंड मोकळे नसतेच. त्यासाठी मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे नाकाचे थेंब पुरतात. पाजण्याच्या थोडे आधी प्रत्येक नाकपुडीत दोन थेंब सोडावेत, मिनिटभर थांबावे आणि सैल झालेला शेंबूड मऊ कापडाने किंवा रबरी फुग्याच्या पिचकारीने काढावा. थेंब घेताना बाटलीवरचे नाव वाचणे महत्त्वाचे आहे, कारण नाक मोकळे करणारे मोठ्यांचे झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब तशाच बाटलीत येतात. ते तान्ह्या बाळात गेले तर बाळ सुस्त होते आणि श्वास मंदावू शकतो. कापराचा वास असलेले बाम, रुमालावर फोडायच्या कॅप्सूल आणि कापूर घातलेले तेल दोन वर्षांच्या आत वापरू नये. कापूर पोटात गेला तर बाळाला झटके येतात, आणि उशाशी ठेवलेली वडी तोंडात जायला वेळ लागत नाही.

दुसरे खरे औषध ओआरएस. यात साखर आणि क्षार ठरलेल्या प्रमाणात असतात, आणि गुण त्या प्रमाणाचाच असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची मोठी पुडी २०.५ ग्रॅमची असते आणि ती पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायची असते. सर्रास दिसणारी चूक अशी की बाळ एवढे पाणी पिणार नाही म्हणून पुडीतली दोन चमचे पावडर ग्लासभर पाण्यात अंदाजाने ढवळली जाते. पाणी खारट झाले तर रक्तातले मीठ वाढते, आणि पाणी कमी झालेल्या बाळात त्याने झटके येऊ शकतात. म्हणून तान्ह्या बाळासाठी २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्या घ्याव्यात. पाणी उकळून गार केलेले असावे, बाटलीवर २०० ची खूण करून ठेवावी आणि पुडी एकदमच रिकामी करावी. तयार पाणी चोवीस तासांनी ओतून द्यावे.

दुकानात ‘ओआरएस’ शब्द छापलेले गोड पेयांचे खोके वर्षानुवर्षे विकले जात होते. त्यांतली साखर सूत्रापेक्षा कितीतरी जास्त असल्याने जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. तरीही पुडीच घ्यावी आणि तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहावे. ओआरएससोबत डॉक्टर चौदा दिवस झिंक देतात: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २०. या गोळ्या चमचाभर आईच्या दुधात विरघळतात आणि ओआरएसप्रमाणेच सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात. जुलाब थांबवणारे लोपेरामाइडसारखे औषध मात्र बाळाला कधीच देऊ नये.

जखमांसाठी सामान थोडेच लागते: निर्जंतुक गॉजच्या घड्या, एक रोलर बँडेज, कागदी चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री आणि जखम धुवायला सलाइन किंवा स्वच्छ वाहते पाणी. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे धागे चिकटतात. बोटावर लावायच्या छोट्या चिकटपट्ट्या या वयात घातक ठरतात, कारण बाळ ती चोखून काढते आणि ती घशात अडकते. पोव्हिडोन आयोडिन नवजात बाळाच्या त्वचेतून शोषले जाते आणि थायरॉइडवर परिणाम करते, म्हणून ते पेटीत नसलेले बरे. भाजल्यावर पेटीपेक्षा नळ महत्त्वाचा. भाजलेला भाग नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, बाकीचे अंग कोरड्या कापडाने झाकून ऊबदार ठेवावे, मग गॉज सैल ठेवून डॉक्टरकडे न्यावे. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतले काही लावू नये.

लंगोटाच्या जागी येणाऱ्या लालीला झिंक ऑक्साइडचे मलम पुरते. खाजेसाठी घरात असलेले ‘सगळ्यावर चालणारे’ मलम तिथे लावले जाते, आणि त्यात बहुधा कडक स्टेरॉइड असते. डायपरच्या बंदिस्त ओलाव्यात ते जास्त शोषले जाऊन त्वचा पातळ होते. बाळघुटीबद्दल घराघरांत मतभेद असतात. सहाणेवर उगाळलेल्या मुळ्या किती गेल्या याचे माप नसते आणि सहाण-पाण्याची स्वच्छता राखणे अवघड असते. पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज काहीच नको, हा सल्ला तिलाही लागू आहे. मध मात्र मतभेदाचा विषय नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम हा लुळेपणाचा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध चाटवायचाही नाही.

प्रवासाची पेटी हीच असते, फक्त लहान. समजा आठ महिन्यांचे, आठ किलोचे बाळ घेऊन एक कुटुंब पुण्याहून कुंभार्ली घाटाने गुहागरला चार दिवसांसाठी निघाले आहे. झिपच्या पारदर्शक पाकिटात थर्मामीटर, पॅरासिटामॉलचे थेंब त्यांच्या खोक्यासकट, सिरिंज, ओआरएसच्या २०० मिलिलिटरच्या सहा पुड्या, सलाइनचे नाकाचे थेंब, गॉज आणि पट्टी, झिंकचे मलम, मात्रेची चिठ्ठी आणि माता-बाल संरक्षण कार्डाची प्रत एवढे मावते. थर्मासमध्ये उकळलेले पाणी वेगळे. घाटात बाळाला उलटी झाली तर मोठ्यांची गाडी लागण्याची गोळी चुरून देऊ नये. प्रवासात बाळ झोपावे म्हणून प्रोमेथाझीनसारखे औषध देण्याची सवय तर अधिक वाईट, कारण दोन वर्षांच्या आत त्याने श्वास थांबू शकतो. पाकीट गाडीच्या डॅशबोर्डवर राहू नये. उन्हात बंद गाडी तापली की औषध टिकत नाही.

दुसऱ्या रात्री बाळाला तीन पातळ जुलाब झाले आणि काखेत १०१ अंश ताप आला, असे धरू. पहिले काम ओआरएस. दर जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून आणखी सावकाश. स्तनपान आणि नेहमीचा मऊ आहार चालू. ताप असूनही बाळ खेळत असेल तर पॅरासिटामॉलची घाई नाही. किरकिर करत असेल तर थेंबांची १.२ मिलिलिटर मात्रा. मग खुणा पाहायच्या: सहा तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, पोटावरची चिमटीत धरलेली त्वचा सावकाश बसली, शीत रक्त दिसले, प्यायलेले सगळे उलटले किंवा बाळ मलूल होऊन दूध ओढेना, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे. श्वास शांत बाळात पूर्ण मिनिटभर मोजावा. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, आणि दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तेही तातडीचे. ज्या गावी जायचे तिथले जवळचे बालरुग्णालय निघण्यापूर्वीच शोधून चिठ्ठीवर लिहिलेले असावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यभर चालतो.

विमानात पाकीट हातातल्या सामानात ठेवावे. द्रव पदार्थांच्या मर्यादेतून बाळाचे दूध आणि औषधे वगळलेली असतात, पण सुरक्षा तपासणीला ती वेगळी काढून दाखवावी लागतात आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी असलेली बरी. परदेशी नातवंडाला भेटायला जाणाऱ्या आजी-आजोबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अमेरिकेत मुलांचे पॅरासिटामॉल अ‍ॅसिटामिनोफेन या नावाने आणि पाच मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम या ताकदीने मिळते. पुण्याच्या बाटलीचा आकडा तिथल्या बाटलीला लावायचा नाही.

घरी पेटी उंचावर आणि कुलपात असावी; न्हाणीघर किंवा गॅसजवळचे कपाट नको. तिच्याइतकीच काळजी घरातल्या दुसऱ्या औषधांची घ्यावी लागते. आजोबांची मधुमेहाची एक गोळी किंवा आईच्या लोहाच्या काही गोळ्या रांगत्या बाळाचा जीव घेऊ शकतात. असे काही किंवा रॉकेल पोटात गेले तर उलटी करवू नये. बाटली किंवा पाकीट बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जावे. बाटली फोडली की तिच्यावर तारीख लिहावी. पाण्यात कालवलेले अँटिबायोटिक सिरप डॉक्टरने सांगितलेले दिवस संपले की उरलेले टाकून द्यावे. पुढच्या तापासाठी ते ठेवायचे नसते.

बाळाचे वजन पाचव्या महिन्याच्या आसपास जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला साधारण तिप्पट होते. त्यामुळे झाकणाच्या आतली मात्रेची चिठ्ठी दर लसीकरणाला, वजन होताच, नवी लिहावी आणि जुनी फाडून टाकावी.